त्रिकोण, नागमोडी रेघ आणि C₅H₁₀: फोटोतल्या प्रश्नातून आयसोमर कसे काढायचे

अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या सराव-संचाची झेरॉक्स, त्या झेरॉक्सचा मोबाइलवर काढलेला फोटो, वर ट्यूबलाइटची चकाकी आणि कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. पुण्यात अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवणाऱ्याला असे फोटो रोज येतात आणि खाली एकच ओळ असते, ‘सर, हे कसं करायचं?’ त्यातलाच एक प्रश्न इथे घेऊ. त्यात नाव देणं, रिंग आणि चेनचं नातं आणि आयसोमर काढणं ही तिन्ही कामं एकाच जागी येतात. शिवाय तो दिसतो तितका छोटा नाही.

प्रश्नात दोन आकृत्या आहेत. पहिलीत एक त्रिकोण आहे. त्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांना एकेक काडी जोडलेली आहे. डावी काडी जाड, काळ्या पाचरीसारखी आहे आणि उजवी तुटक रेषांची. दुसरी आकृती म्हणजे वरखाली जाणारी नागमोडी रेघ. तिला चार तुकडे आहेत आणि डावीकडून दुसरा तुकडा दुहेरी आहे. खाली लिहिलंय: ‘अ) दोन्ही संयुगांची आययूपीएसी नावे लिहा. ब) ती एकमेकांची आयसोमर आहेत का? क) या रेणुसूत्राचे उरलेले सर्व आयसोमर काढा.’

पेन उचलण्याआधी फोटो नीट वाचायला हवा, कारण निम्मे मार्क इथेच जातात. अशा आकृत्यांत कार्बनचा C लिहिलेला नसतो. जिथे रेघ वळते तिथे कार्बन आणि जिथे रेघ संपते तिथेही कार्बन. दुसरा भाग मुलं हमखास विसरतात. नागमोडी रेघेला वळणं तीनच, म्हणून ती तीन कार्बनची असं उत्तर येतं. दोन टोकं धरली की कार्बन पाच होतात. त्रिकोणाचंही तसंच आहे. तीन कोपरे आणि दोन काड्यांची दोन मोकळी टोकं मिळून पाच.

हायड्रोजन तर मुळीच काढलेले नसतात, ते आपण भरायचे. कार्बनला चार हात. आकृतीत त्यातले जितके वापरलेले दिसतात ते चारातून वजा करायचे, राहिले तितके हायड्रोजन. त्रिकोणाच्या वरच्या कोपऱ्यातून दोन रेघा निघतात, म्हणून तिथे दोन हायड्रोजन. खालच्या कोपऱ्यांतून तीन-तीन रेघा, म्हणून तिथे एकेक. काडीच्या टोकाशी एकच रेघ, म्हणून तिथे तीन, म्हणजे तो CH₃ झाला. बेरीज केली की २ + १ + १ + ३ + ३ म्हणजे १० हायड्रोजन. सूत्र C₅H₁₀.

नागमोडी रेघेत टोकांना तीन-तीन, दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनना एकेक आणि उरलेल्या वळणाला दोन. पुन्हा दहा. सूत्र एकच, रचना वेगळी, म्हणजे दोन्ही आयसोमर आहेत. ‘ब’चं उत्तर इथेच मिळालं.

पण झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये सगळ्यात आधी कोणती रेघ उडत असेल, तर ती दुहेरी बंधाची बारीक, आतली रेघ. ती उडाली की नागमोडी रेघ साधा पेंटेन होते, C₅H₁₂, आणि ‘ब’चं उत्तर चक्क उलटं होतं. हे ओळखायचा मार्ग प्रश्नातच असतो. ‘क’मध्ये ‘या रेणुसूत्राचे’ असं एकवचन आहे, म्हणजे प्रश्न काढणाऱ्याच्या मनात दोन्हींचं सूत्र एकच होतं. दहा आणि बारा असे वेगळे हायड्रोजन येत असतील, तर आधी आपल्या फोटोवर संशय घ्यावा. मुलं फोटो काढताना मोबाइलमधला ब्लॅक अँड व्हाइट स्कॅन वापरतात. त्याने अक्षरं ठसठशीत होतात, पण तुटक रेघ कधी पुसली जाते, तर कधी सलग होऊन जाते. अशा प्रश्नाचा फोटो साधा, रंगीत आणि आकृतीच्या जवळ जाऊन काढावा. षटकोनाच्या बाबतीत ही चूक अजून महागात पडते. आतल्या तीन रेघा उडाल्या की बेंझीनचं सायक्लोहेक्सेन होतं आणि सहा हायड्रोजनचा फरक पडतो.

आता नावं. नागमोडी रेघ सोपी आहे. पाच कार्बन म्हणून पेंट, दुहेरी बंध म्हणून ईन. तो कितव्या कार्बनपासून सुरू होतो ते मधे लिहायचं. डावीकडून मोजलं तर दुसऱ्यापासून, उजवीकडून मोजलं तर तिसऱ्यापासून. लहान आकडा घ्यायचा, म्हणून पेंट-२-ईन. जुन्या पुस्तकांत हेच २-पेंटीन असं दिसेल. आकडा ज्या तुकड्याबद्दल बोलतो त्याच्या अगदी आधी लिहावा ही पद्धत आययूपीएसीच्या १९९३ च्या शिफारशींपासून रुळली. दोन्ही नावांचा अर्थ एकच, पण एका उत्तरपत्रिकेत दोन्ही पद्धती मिसळू नयेत.

त्रिकोणाला नाव देताना मुलं पाचही कार्बन मोजतात आणि ‘सायक्लोपेंटेन’ लिहून मोकळी होतात. सायक्लोच्या पुढे फक्त रिंगमधले कार्बन मोजायचे, बाहेर लटकलेले नाहीत. रिंगचे तीन कोपरे म्हणजे सायक्लोप्रोपेन. बाहेरचे दोन CH₃ म्हणजे डायमिथाइल. ते शेजारशेजारच्या कोपऱ्यांवर आहेत, म्हणून १,२-डायमिथाइलसायक्लोप्रोपेन. कुणी १,३ लिहिलं तर ते दुसरं संयुग होत नाही, चुकीचं नाव होतं. त्रिकोणात प्रत्येक कोपरा दुसऱ्याचा शेजारीच असतो, तिथे १,३ असं अंतर मुळात नसतंच.

रिंगला चेन जोडलेली असेल तेव्हा मुख्य कोण आणि लटकलेलं कोण, हा प्रश्न जरा वादाचा आहे. चेनवर अल्कोहोल किंवा आम्लाचा गट असेल तर वाद नाही, चेन मुख्य. पण नुसते कार्बन-हायड्रोजन असतील तेव्हा क्लासच्या नोट्समध्ये बहुधा असं शिकवतात की ज्यात कार्बन जास्त तो मुख्य, आणि सारखे असतील तर रिंग. त्या हिशेबाने त्रिकोणाला चार कार्बनची चेन लावली तर नाव होतं १-सायक्लोप्रोपाइलब्यूटेन. आययूपीएसीच्या २०१३ च्या शिफारशी मात्र सरळ सांगतात की रिंग चेनपेक्षा वरचढ, मग चेन कितीही लांब असो. त्यांच्या मते तेच संयुग ब्यूटाइलसायक्लोप्रोपेन. माझं मत विचाराल तर नवा नियम जास्त सुटसुटीत आहे. पण पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत चार पर्यायांत जे नाव दिलंय तेच ओळखावं लागतं, म्हणून दोन्ही माहीत असलेली बरी. आपल्या प्रश्नात हा पेच येत नाही, कारण पाच कार्बनमध्ये रिंगपेक्षा मोठी चेन रिंगवर लटकूच शकत नाही.

आता ‘क’, म्हणजे खरं काम. इथे बहुतेक जण सुचेल तशा आकृत्या काढत सुटतात. सहा-सात होतात, त्यातल्या दोन तीच ती असतात, तीन राहून गेलेल्या असतात, आणि ‘झाले का सगळे?’ याचं उत्तर कुणाकडेच नसतं. त्यापेक्षा आधी एक छोटा हिशेब करावा.

पाच कार्बनच्या साखळीला जास्तीत जास्त किती हायड्रोजन बसतात? दुप्पट अधिक दोन, म्हणजे बारा. आपल्याकडे दहा आहेत, दोन कमी. दोन हायड्रोजन दोनच कारणांनी कमी होतात. एकतर दोन शेजारी कार्बननी एकेक हायड्रोजन सोडून आपसात दुसरा बंध केला, किंवा लांबच्या दोन कार्बननी एकेक हायड्रोजन सोडून हात मिळवले आणि रिंग झाली. हायड्रोजनच्या कमी पडलेल्या जोड्यांच्या या आकड्याला क्लासमध्ये डीबीई म्हणतात. इथे ते एक आहे. म्हणून C₅H₁₀ मध्ये एक दुहेरी बंध असेल किंवा एक रिंग असेल. दोन्ही एकदम नाहीत आणि तिहेरी बंध तर नाहीच, कारण त्याला चार हायड्रोजन सोडावे लागतात. एवढ्या हिशेबाने कामाचे दोन कप्पे पडले आणि तिसरा शोधायची गरज उरली नाही.

आधी चेनचा कप्पा. दुहेरी बंध लगेच काढायचा नाही. आधी नुसता कार्बनचा सांगाडा मांडायचा. पाच कार्बनचे सांगाडे तीनच होतात: सरळ पाच, चारच्या साखळीला एक फांदी, आणि तीनच्या साखळीत मधल्या कार्बनला दोन फांद्या. कागदावर साखळी वाकवून, वळवून, उभी-आडवी कशीही काढली तरी सांगाडा बदलत नाही. टेबलावर ठेवलेली माळ सरळ केली किंवा वेडीवाकडी टाकली तरी मण्यांचा क्रम तोच राहतो, तसं हे आहे.

आता एकेका सांगाड्यात दुहेरी बंध फिरवायचा. सरळ पाचमध्ये बंधाच्या जागा चार. पण डावीकडून चौथी जागा उजवीकडून पहिलीच असते आणि तिसरी दुसरी असते. म्हणजे वेगळ्या जागा दोनच:

CH₂=CH–CH₂–CH₂–CH₃, पेंट-१-ईन

CH₃–CH=CH–CH₂–CH₃, पेंट-२-ईन

दुसरं तर प्रश्नातच दिलेलं आहे.

फांदीवाल्या सांगाड्यातही जागा चार आहेत. टोकाचा CH₃ आणि फांदीचा CH₃ दोघेही त्याच कार्बनला लटकलेले असतात, म्हणून त्यांच्यात आणि त्या कार्बनमध्ये दुहेरी बंध कुठेही टाका, संयुग एकच. वेगळ्या जागा तीन:

CH₂=C(CH₃)–CH₂–CH₃, २-मिथाइलब्यूट-१-ईन

(CH₃)₂C=CH–CH₃, २-मिथाइलब्यूट-२-ईन

(CH₃)₂CH–CH=CH₂, ३-मिथाइलब्यूट-१-ईन

शेवटच्याला पुष्कळ मुलं ‘२-मिथाइलब्यूट-३-ईन’ म्हणतात, कारण फांदीला लहान आकडा द्यायची सवय अल्केन शिकताना लागलेली असते. दुहेरी बंध आला की लहान आकड्यावर पहिला हक्क त्याचा. फांदी नंतर, तिला जो आकडा मिळेल तो.

तिसऱ्या सांगाड्याच्या, म्हणजे निओपेंटेनच्या मधल्या कार्बनचे चारही हात चार कार्बनना दिलेले असतात. त्यात कुठेही दुहेरी बंध टाकला की त्या कार्बनला पाच हात होतात. म्हणून हा सांगाडा पूर्ण बाद. चेनचे आयसोमर एकूण पाच.

आता रिंगचा कप्पा. इथे रिंगचा आकार मोठ्यापासून लहानाकडे नेत जावा. पाचाची रिंग काढली तर बाहेर काही उरत नाही: सायक्लोपेंटेन. चाराची रिंग काढली तर एक कार्बन उरतो आणि तो कोणत्याही कोपऱ्याला लावला तरी फरक नाही: मिथाइलसायक्लोब्यूटेन. एकच फांदी आहे, म्हणून आकडाही लागत नाही. तीनाची रिंग काढली तर दोन कार्बन उरतात आणि तिथे तीन वाटा फुटतात. दोन्ही एकाच कोपऱ्यावर वेगवेगळे लावले तर १,१-डायमिथाइलसायक्लोप्रोपेन. दोन कोपऱ्यांवर लावले तर १,२-डायमिथाइलसायक्लोप्रोपेन, आपली पहिली आकृती. दोघांची मिळून एक काडी केली आणि ती एका कोपऱ्याला लावली तर इथाइलसायक्लोप्रोपेन. दोन कार्बनची रिंग नसते. एकूण रिंगा पाच.

पाच चेन, पाच रिंगा, मिळून दहा. रचना आयसोमर इतकेच. अकरावा सापडला तर तो या दहांपैकीच कुणीतरी वेष बदलून आलेला असतो. त्याला पकडायचा उपाय म्हणजे त्याला नाव द्यायचं, तेही नियम पाळून. उदाहरणार्थ, कुणी CH₂=C(CH₃)–C₂H₅ असं लिहून ‘२-इथाइलप्रोप-१-ईन’ हा नवा आयसोमर सापडल्याचं सांगतं. सगळ्यात लांब साखळी मोजली की लक्षात येतं, इथाइलच्या दोन कार्बनना धरून ती चारची होते आणि तो जुनाच २-मिथाइलब्यूट-१-ईन निघतो. ‘३-मिथाइलब्यूट-२-ईन’ दुसऱ्या टोकाकडून मोजलं की २-मिथाइलब्यूट-२-ईन होतं. नाव तेच आलं तर संयुग तेच. मात्र नाव चुकीचं दिलं तर ही चाळणी उपयोगाची नाही, म्हणून नाव देताना लांब साखळी आणि लहान आकडा या दोन गोष्टी दरवेळी तपासाव्यात.

याउलट चूकही होते: हायड्रोजन मोजायचेच राहतात. मिथाइलसायक्लोब्यूटेन काढता काढता कुणी रिंगमध्ये एक दुहेरी बंधही टाकतो आणि आकृती छान दिसते. पण तिचं सूत्र C₅H₈ झालेलं असतं. प्रत्येक आकृतीखाली सूत्र लिहायची सवय लावली की हे लगेच दिसतं.

हे सगळं कागदावरचं आहे असं वाटत असेल तर या संयुगांचे उत्कलनबिंदू बघावेत. ३-मिथाइलब्यूट-१-ईन साधारण २० अंश सेल्सिअसला उकळतं आणि सायक्लोपेंटेन ४९ अंशांच्या आसपास. पुण्यातल्या जानेवारीच्या पहाटे पहिलं बाटलीत द्रव असेल, दुपारी ऊन चढलं की वायू व्हायला लागेल. सायक्लोपेंटेन एप्रिलमध्येही द्रवच राहील. पाच कार्बन आणि दहा हायड्रोजन दोघांतही आहेत, फक्त जोडणी वेगळी.

रिंग आणि चेन यांत फरक करायला प्रयोगशाळेत आणखी एक युक्ती आहे आणि तिच्यात एक फसगतही आहे. दुहेरी बंध ओळखायला ब्रोमीन वापरतात, त्याचा तांबूस रंग जातो. सायक्लोपेंटेन अंधारात, साध्या तापमानाला तो रंग घालवत नाही. पण त्रिकोणी रिंगा कधीकधी घालवतात, कारण तिथे कार्बनचे बंध ६० अंशांत कोंबलेले असतात. त्यांना मोकळं बसायला १०९.५ अंश हवे असतात, म्हणून ती रिंग फुटायला टेकलेलीच असते. त्यामुळे ब्रोमीनचा रंग गेला म्हणजे दुहेरी बंध आहेच असं छातीठोक सांगता येत नाही. पोटॅशियम परमँगनेटचं थंड, विरल द्रावण मात्र हा फरक करतं. अल्कीन त्याचा जांभळा रंग घालवून तपकिरी गाळ पाडतात, सायक्लोप्रोपेनची रिंग त्याला दाद देत नाही. प्रवेश परीक्षांत हा मुद्दा विचारला जातो.

आता पहिल्या आकृतीतल्या जाड पाचरीकडे आणि तुटक रेघेकडे परत यावं लागेल, कारण आतापर्यंत आपण त्यांच्याकडे काणाडोळा केला. पाचर म्हणजे ती काडी कागदातून आपल्याकडे येते, तुटक रेघ म्हणजे कागदामागे जाते. त्रिकोणाची रिंग घट्ट असते, तिचे बंध गोल फिरू शकत नाहीत. त्यामुळे एक CH₃ वर आणि एक खाली असलेलं संयुग आणि दोन्ही CH₃ एकाच बाजूला असलेलं संयुग एकमेकांत बदलत नाहीत. विरुद्ध बाजूंना असतील तर ट्रान्स, एकाच बाजूला असतील तर सिस. आपली आकृती ट्रान्सची आहे. फोटोत तुटक रेघ सलग दिसली तर ही माहिती जाते आणि नाव अपुरं राहतं.

ट्रान्सची आणखी एक गंमत आहे आणि ती हाताने करून बघण्यासारखी आहे. पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापा. खालच्या डाव्या कोपऱ्यात टाचणी वरच्या दिशेने टोचा आणि उजव्या कोपऱ्यात खालच्या दिशेने. हाच आपला रेणू. आता याचा आरशातला जुळा करायचा: दुसरा त्रिकोण, त्यात डावी टाचणी खाली आणि उजवी वर. पहिला उलटा करून, फिरवून, कसाही ठेवून दुसऱ्यासारखा करून बघा. जमत नाही. त्रिकोण पालथा घातला की डावी टाचणी उजवीकडे जाते खरी, पण वरची खालीही होते, आणि तुम्ही होता तिथेच परत येता. म्हणजे ट्रान्सचे दोन वेगळे रेणू आहेत, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. सिसमध्ये दोन्ही टाचण्या वर असतात आणि आरशातली प्रतिमा मूळ रेणूवर तंतोतंत बसते, म्हणून सिस एकच. १,१-डायमिथाइलमध्ये दोन्ही CH₃ एकाच कोपऱ्यावर आहेत, तिथे सिस-ट्रान्सचा प्रश्न येत नाही.

चेनमध्ये असाच फरक दुहेरी बंधामुळे पडतो, कारण तोही फिरत नाही. पण त्याला अट आहे: दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनवर प्रत्येकी दोन वेगवेगळ्या गोष्टी हव्यात. पेंट-१-ईनच्या टोकाला दोन हायड्रोजन आहेत, म्हणजे तो बाद. २-मिथाइलब्यूट-२-ईनच्या एका कार्बनवर दोन CH₃ आहेत, तोही बाद. उरलेल्या दोघांच्याही टोकाला CH₂ आहे. पाचांपैकी एकटा पेंट-२-ईन ही अट पुरी करतो. त्याच्या एका कार्बनवर CH₃ आणि H, दुसऱ्यावर C₂H₅ आणि H.

फोटोतली नागमोडी रेघ यातलं काय सांगते? सरळ नागमोडी काढली, की दुहेरी बंधाच्या अलीकडची रेघ एका बाजूला आणि पलीकडची दुसऱ्या बाजूला जाते. म्हणजे ती ट्रान्स आहे, नव्या भाषेत ई. सिस, म्हणजे झेड, काढायचं असेल तर तो भाग वाटीसारखा काढावा लागतो, दोन्ही रेघा एकाच बाजूला. म्हणून आकृतीला पूर्ण न्याय देणारं नाव (ई)-पेंट-२-ईन. मुलांना वाटतं की नागमोडी रेघ म्हणजे नुसती काढायची पद्धत, पण दुहेरी बंध असेल तिथे तिचं प्रत्येक वळण माहिती देत असतं. स्वतः उत्तर काढतानाही हे लक्षात ठेवावं. झेड लिहायचं आणि सवयीने नागमोडी काढायची, असं झालं की नाव आणि चित्र एकमेकांना खोडून काढतात.

आता मोजणी पूर्ण होते. रचना आयसोमर दहा. पेंट-२-ईनचे ई आणि झेड वेगळे धरले की एक वाढला. १,२-डायमिथाइलसायक्लोप्रोपेनचे सिस आणि दोन ट्रान्स धरले की आणखी दोन. एकूण तेरा. आरशातल्या प्रतिमा वेगळ्या न धरता नुसते भौमितिक आयसोमर धरले तर बारा. तिन्ही आकडे वेगवेगळ्या उत्तरसूचींमध्ये दिसतात आणि मुलं गोंधळतात. प्रत्यक्षात आकडा ठरतो प्रश्नातल्या शब्दावर. ‘रचना आयसोमर’ असं लिहिलं असेल तर दहा आणि तिथे ई-झेड वेगळे काढण्यात वेळ घालवू नये. ‘स्टिरिओआयसोमरसह’ असेल तर तेरा. चेन आणि रिंग यांपैकी फक्त ‘अचक्रीय’ किंवा फक्त ‘चक्रीय’ विचारले असतील तर एकच कप्पा उघडायचा: रचना आयसोमर पाच आणि पाच, स्टिरिओ धरून सहा आणि सात.

आपल्या प्रश्नात ‘उरलेले सर्व आयसोमर’ असे शब्द आहेत. उरलेले म्हणजे आकृतीत दिलेले दोन वजा करायचे. बोर्डाच्या पद्धतीने रचना आयसोमर धरले तर आठ आकृत्या काढायच्या. पण प्रश्न काढणाऱ्याने पहिल्या आकृतीत मुद्दाम पाचर आणि तुटक रेघ दिली आहे. ती उगाच दिलेली नसते, त्यामुळे इथे मी स्टिरिओ धरूनच उत्तर लिहीन. तेरातून दोन गेले, अकरा राहिले. चेनमध्ये पेंट-१-ईन, (झेड)-पेंट-२-ईन आणि तीन मिथाइलब्यूटीन. रिंगमध्ये सायक्लोपेंटेन, मिथाइलसायक्लोब्यूटेन, इथाइलसायक्लोप्रोपेन, १,१-डायमिथाइलसायक्लोप्रोपेन, सिस-१,२-डायमिथाइलसायक्लोप्रोपेन आणि दिलेल्या ट्रान्सचा आरशातला जुळा. तो जुळा काढताना आकृती तीच ठेवायची, फक्त पाचर उजवीकडे आणि तुटक रेघ डावीकडे घ्यायची.